सतरा रुपयांचा फरक: अनुभव नसलेल्या पदवीधराच्या अर्जपत्राचे एक प्रकरण

भांडुपमध्ये राहणाऱ्या आणि मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. पदवी नुकतीच मिळवलेल्या एका तरुणीने मुंबईतील एका सहकारी पतसंस्थेच्या लेखा विभागातील कनिष्ठ लेखनिकाच्या जागेसाठी अर्ज करायचे ठरवले आणि अर्जासोबत जोडायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे वाचायला पाठवला. पतसंस्थांची दफ्तरे तपासणे हे माझे काम असल्यामुळे असे पत्र संस्थेत कोण वाचतो आणि वाचताना काय शोधतो, याची मला कल्पना आहे. त्या मसुद्यापासून प्रत्यक्ष पाठवलेल्या पत्रापर्यंत काय बदलत गेले आणि मुलाखतीत त्या पत्राची कोणती बाजू उघडी पडली, हे येथे सविस्तर मांडतो. अर्जदार आणि दोन्ही संस्था यांची नावे दिलेली नाहीत.

जाहिरात साधी होती. बी.कॉम. पदवी, टॅलीचे ज्ञान आणि मराठी टंकलेखन एवढ्या अटी होत्या, आणि अनुभव असल्यास प्राधान्य असे शेवटी लिहिले होते. कामाच्या वर्णनात मात्र तीन गोष्टी स्पष्ट दिल्या होत्या: रोजकीर्दीची तपासणी, संस्थेच्या बँक खात्यांचे मासिक ताळमेळ पत्रक आणि पिग्मी प्रतिनिधींनी भरलेल्या रकमांची पावत्यांशी पडताळणी. नवे अर्जदार शैक्षणिक पात्रतेची ओळ वाचून थांबतात आणि कामाच्या वर्णनाकडे दुर्लक्ष करतात. या तरुणीनेही पहिल्या मसुद्यात तसेच केले होते.

तो पहिला मसुदा असा होता:

> मी एक होतकरू, प्रामाणिक व मेहनती उमेदवार असून मला आकड्यांची लहानपणापासून आवड आहे. मला प्रत्यक्ष कामाचा अनुभव नसला तरी नवीन गोष्टी शिकण्याची जिद्द आहे. मला टॅली, एक्सेल व जीएसटीचे उत्तम ज्ञान आहे. आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी त्या संधीचे सोने करीन.

या चार वाक्यांत व्याकरणाची चूक नाही आणि हेतूही स्वच्छ आहे. तरीही पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला त्यातून काहीही कळत नाही, कारण यातले प्रत्येक वाक्य त्या दिवशी आलेल्या कोणत्याही अर्जात जसेच्या तसे बसू शकते. प्रामाणिक असल्याचे सांगणाऱ्यावर त्यामुळे विश्वास बसत नाही; लेखा विभागात तर तो कोणाच्याही सांगण्यावरून ठेवला जात नाही, तिथे व्हाउचर पाहिले जाते. दुसरे वाक्य अधिक नुकसान करते. अनुभव नाही ही गोष्ट पदवीच्या वर्षावरून वाचणाऱ्याला आधीच समजलेली असते. ती क्षमायाचनेच्या सुरात पुन्हा सांगितल्याने पत्रातली मोलाची जागा उणीव दाखवण्यात खर्च होते. तिसऱ्या वाक्यातील ‘उत्तम ज्ञान’ हे मुलाखतीत थेट तपासले जाण्यासारखे विधान आहे, आणि तिने टॅलीचा एक अल्पमुदतीचा वर्ग केला होता, एवढेच खरे होते.

मी तिला विचारले की, शिकताना किंवा इतरत्र, ज्यात दोन आकडे जुळायला हवे होते पण जुळले नाहीत आणि मग तू ते जुळवलेस, असे काही घडले आहे का. कॉलेजातील प्रकल्पाचा विषय तिने आधी सांगितला, पण त्यातली उदाहरणे पुस्तकातलीच होती. मग जरा संकोचानेच तिने सांगितले की तिच्या वस्तीतील गणेशोत्सव मंडळाचे हिशेब खजिनदार काका हाताने लिहितात आणि मागच्या उत्सवानंतर ते जुळवायला तिने मदत केली होती. ‘पण ती काही नोकरी नव्हती,’ असेही तिने लगेच जोडले. पत्रात लिहिण्यासारखी गोष्ट नेमकी तीच होती.

ती सविस्तर समजून घ्यावी लागली. उत्सव सप्टेंबरमध्ये संपला आणि ऑक्टोबरअखेरचा हिशेब कार्यकारिणीपुढे ठेवायचा होता. मंडळाच्या किर्दीप्रमाणे बँकेतील शिल्लक १,१८,४५० रुपये होती, तर बँकेच्या उताऱ्यावर १,३३,४३३ रुपये दिसत होते. म्हणजे बँकेत १४,९८३ रुपये जास्त. यातला मोठा भाग खजिनदारांना ठाऊक होता: मंडपवाल्याला दिलेला १५,००० रुपयांचा चेक त्याने अजून भरलेला नव्हता. किर्दीत ती रक्कम खर्ची पडलेली होती, बँकेतून गेलेली नव्हती. तो चेक हिशेबात धरला की बँकेत १,३३,४५० रुपये असायला हवे होते आणि प्रत्यक्षात होते १,३३,४३३. उरला अवघा १७ रुपयांचा फरक.

कार्यकारिणीतील एका सदस्याचे म्हणणे होते की, एवढ्या मोठ्या उलाढालीत १७ रुपये किरकोळ खर्चात टाकून हिशेब बंद करावा. अनेक ठिकाणी असे केले जाते, आणि दफ्तर तपासताना मला सर्वांत जास्त काळजी अशाच नोंदींची वाटते. उरलेला फरक लहान आहे म्हणून मागची चूकही लहान असेल, असे मुळीच नसते. विरुद्ध दिशेच्या दोन-तीन मोठ्या चुका एकमेकींना जवळजवळ झाकून टाकतात आणि वर फक्त त्यांचा उरलेला फरक दिसतो.

तिने ऑक्टोबरचा बँक उतारा आणि किर्द समोरासमोर ठेवून प्रत्येक रकमेवर खूण करत जायला सुरुवात केली. दोन्हीकडे असलेल्या रकमा खूण होऊन बाजूला झाल्या आणि बिनखुणेच्या थोड्या रकमा उरल्या. त्यात १,००१ रुपयांची एक वर्गणी होती. ती यूपीआयने थेट खात्यात आली होती, पण पावती न फाडल्यामुळे किर्दीत आली नव्हती. तसेच बँकेने १०० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ११८ रुपये कापले होते, त्याचीही नोंद नव्हती. या दोन नोंदी किर्दीत घेतल्यावर फरक कमी होईल अशी तिची अपेक्षा होती. तो वाढून ९०० रुपये झाला.

इथे बहुतेक नवशिके घाबरतात आणि केलेल्या नोंदी खोडून टाकतात. तिने तसे केले नाही, कारण दोन्ही नोंदींना बँकेच्या उताऱ्याचा आधार होता. आधार असलेली नोंद घेतल्यावर फरक वाढत असेल तर आणखी एक चूक अजून सापडलेली नाही, असाच त्याचा अर्थ होतो. तिला वर्गात शिकवलेली एक खूण आठवली: लगतच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली असेल तर फरकाला नेहमी ९ ने पूर्ण भाग जातो. १७ ला तो जात नव्हता, म्हणून आधी ही खूण निरुपयोगी होती. ९०० ला तो जातो आणि भागाकार १०० येतो, म्हणजे अदलाबदल हजार आणि शतक या स्थानांवर असून त्या दोन आकड्यांत एकाचा फरक असला पाहिजे. या नजरेने चेकने दिलेल्या रकमा पाहिल्यावर रोषणाईचे बिल सापडले. बिल आणि चेक दोन्ही ६,५४० रुपयांचे होते आणि किर्दीत ५,६४० लिहिले गेले होते. ती दुरुस्ती केल्यावर किर्दीची शिल्लक १,१८,४३३ झाली आणि त्यात न वटलेला १५,००० रुपयांचा चेक मिळवला की बँकेचा १,३३,४३३ हा आकडा बरोबर आला.

अर्थात, ९ ने भाग जाणे हा पुरावा नाही. इतर कारणांनी पडलेल्या फरकालाही ९ ने भाग जाऊ शकतो. कुठे शोधायचे एवढेच ती खूण सुचवते आणि खात्री मूळ बिल पाहूनच होते. हे ती स्वतःहून म्हणाली, तेव्हा या मुलीने काम खरोखर हाताने केले आहे याबद्दल मला शंका उरली नाही.

आता प्रश्न ते पत्रात कसे आणायचे, हा होता. तिचा दुसरा मसुदा पहिल्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गेला. त्यात ‘गणेशोत्सव मंडळाची लेखापाल म्हणून अनुभव’ अशी ओळ होती आणि मंडळाची शिल्लक, जमा वर्गणी, मंडपाचा खर्च असे सगळे आकडे दिले होते. यातील दोन गोष्टी मी तिला काढायला सांगितल्या.

पहिली गोष्ट पदनामाची. मंडळाचा हिशेब खजिनदारांच्या सहीने आणि जबाबदारीवर चालतो. तिने त्यांना मदत केली. स्वतःला लेखापाल म्हणवून घेतले असते तर संस्थेने मंडळाकडे एक फोन करताच ते विधान खोटे ठरले असते, आणि पतसंस्थेचे संचालक बहुधा त्याच परिसरातले असल्यामुळे असा फोन सहज होतो. ‘खजिनदारांना हिशेब जुळवण्यात मदत केली’ हे खरे वाक्य तिच्या कामाचे मोल जराही कमी करत नाही.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. एका संस्थेचे पूर्ण आकडे दुसऱ्या संस्थेला पाठवलेल्या अर्जात लिहिणारी व्यक्ती उद्या आमच्या ठेवीदारांच्या रकमाही बाहेर सांगेल, अशी शंका पतसंस्थेच्या व्यवस्थापकाला येणे स्वाभाविक आहे. तिने खजिनदारांची परवानगी घेतली, आणि परवानगी मिळाल्यावरही शिल्लक व वर्गणीचे आकडे गाळून फक्त फरकाचे आकडे ठेवले. फरकाच्या आकड्यांतून मंडळाच्या आर्थिक स्थितीविषयी काही उघड होत नाही, पण कामाची पद्धत पूर्ण दिसते.

जाहिरातीतील पिग्मीच्या मुद्द्यालाही तिच्याकडे उत्तर होते. वर्गणीची पावती पुस्तके निरनिराळ्या कार्यकर्त्यांकडे असतात, त्यामुळे प्रत्येक पुस्तकाचे अनुक्रमांक सलग आहेत का, रद्द पावतीची मूळ प्रत पुस्तकातच आहे का आणि स्थळप्रतींची बेरीज कार्यकर्त्याने जमा केलेल्या रकमेशी जुळते का, हे तिने पाहिले होते. पिग्मी प्रतिनिधीच्या भरण्याची पडताळणी याच तत्त्वावर होते. फरक एवढाच की, तिथे प्रत्येक पावती एखाद्या ठेवीदाराच्या खात्यात जायची असते आणि ती चुकली तर त्या माणसाची ठेव कमी दिसते. म्हणूनच आपल्याला पिग्मीचे काम येते असे लिहू नये, पावती पडताळणी केली आहे एवढेच लिहावे, असे आमचे ठरले.

टॅलीच्या बाबतीत तिने स्वतःला जे खरोखर येते ते लिहिले: पेमेंट, रिसीट, काँट्रा आणि जर्नल व्हाउचर भरणे आणि त्यावरून तेरीज काढणे. पतसंस्थांमध्ये दैनंदिन व्यवहार सहसा वेगळ्या प्रणालीवर होतात, हे मी तिला सांगितल्यावर त्या प्रणालीची माहिती नसल्याचेही तिने सरळ लिहिले. जीएसटीचा उल्लेख काढून टाकला, कारण जाहिरातीत तो मागितला नव्हता आणि तिला त्यातली फक्त पुस्तकी माहिती होती. एका सत्रात तिला एटीकेटी लागली होती. त्याविषयी पत्रात काही लिहिण्याची गरज नाही, गुणपत्रक सोबत आहेच आणि विचारल्यास सांगायचे, असे ठरले.

पाठवलेले पत्र असे होते:

> महोदय,
>
> आपल्या संस्थेच्या लेखा विभागातील कनिष्ठ लेखनिक या जागेसाठी मी अर्ज करत आहे. मी या वर्षी मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. पदवी घेतली असून ही माझी पहिलीच नोकरी असेल.
>
> आपल्या जाहिरातीत बँक ताळमेळाचे काम नमूद केले आहे. आमच्या वस्तीतील गणेशोत्सव मंडळाचा ऑक्टोबरअखेरचा हिशेब जुळवण्यात मी खजिनदारांना मदत केली. न वटलेला एक चेक हिशेबात घेतल्यानंतर किर्द आणि बँक उतारा यांत १७ रुपयांचा फरक राहत होता. उताऱ्यातील प्रत्येक रक्कम किर्दीशी ताडून पाहिल्यावर नोंद न झालेली १,००१ रुपयांची जमा आणि ११८ रुपयांचे बँक शुल्क सापडले. त्या नोंदी घेतल्यावर फरक ९०० रुपये झाला. एका बिलाची रक्कम आकड्यांच्या अदलाबदलीने ९०० रुपये कमी लिहिली गेली होती, हे मूळ बिलावरून निश्चित केले आणि हिशेब पूर्ण जुळला. याच कामात वर्गणीच्या पावती पुस्तकांचे अनुक्रमांक आणि स्थळप्रतींची बेरीज जमा रकमांशी ताडून पाहिली. हे आकडे खजिनदारांच्या परवानगीने देत आहे; त्यांचा संपर्क क्रमांक मागितल्यास देईन.
>
> टॅलीमध्ये पेमेंट, रिसीट, काँट्रा व जर्नल व्हाउचर भरणे आणि तेरीज काढणे मला येते. पतसंस्थेच्या व्यवहारांची प्रणाली मी वापरलेली नाही. ती शिकावी लागेल. मराठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.
>
> आपण सांगाल त्या दिवशी मी मुलाखतीस किंवा कामाच्या चाचणीस येऊ शकते.
>
> आपली विश्वासू

पत्र एका पानात बसते. ‘प्रामाणिक’, ‘मेहनती’, ‘जिद्द’ यांपैकी एकही शब्द त्यात नाही. अनुभवाचा प्रश्न ‘पहिलीच नोकरी असेल’ या अर्ध्या वाक्यात संपतो आणि त्यात विनवणीचा सूर नाही. माझ्या मते पत्रातील सर्वांत जड वाक्य ‘त्या नोंदी घेतल्यावर फरक ९०० रुपये झाला’ हे आहे. ज्याने कधी ताळमेळ केलेला नाही तो हे वाक्य रचू शकत नाही, कारण रचणारा माणूस प्रत्येक पायरीवर फरक कमी होत गेल्याचेच लिहील. ज्याने ताळमेळ केला आहे अशा वाचकाला ते वाक्य वाचताच ओळखीचे वाटते.

पतसंस्थेने तिला जानेवारीत बोलावले. व्यवस्थापकांनी पत्र समोर ठेवूनच प्रश्न विचारले. ११८ रुपयांची नोंद कशी केली, या प्रश्नाला तिने बँक शुल्क खाते नावे आणि बँक खाते जमा असे उत्तर दिले. ९०० रुपयांची दुरुस्ती मूळ आकडा खोडून केली का, या प्रश्नाला तिने नाही म्हटले: मूळ नोंद तशीच ठेवून रोषणाई खर्च ९०० रुपयांनी नावे आणि बँक खाते जमा अशी वेगळी नोंद घेतली आणि खुलाशात बिलाचा क्रमांक लिहिला. इथपर्यंत पत्राने तिला चांगली साथ दिली.

तिसरा प्रश्न मात्र पत्रातील ज्या अर्धवट वाक्यावर आला, ते वाक्य आम्ही दोघांनीही पुरेसे तपासले नव्हते. ‘न वटलेला एक चेक म्हणता, तो पुढे वटला का?’ ताळमेळ पत्रकात एखादा चेक न वटलेला दाखवला की पुढच्या महिन्याच्या उताऱ्यात तो गेला का, हे पाहणे हा त्याच कामाचा भाग असतो. तसे न पाहिल्यास न वटलेल्या चेकांच्या यादीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या किंवा मुळात दिल्याच न गेलेल्या चेकांची भर पडत राहते. ऑक्टोबरनंतरचा उतारा तिने पाहिला नव्हता आणि तिने तसे सरळ सांगितले. त्यावर व्यवस्थापकांनी पुढचा प्रश्न केला: सप्टेंबरमधला तो चेक आजही भरलेला नसेल तर काय कराल?

चेकवरील तारखेपासून तीन महिन्यांनंतर बँक तो स्वीकारत नाही; रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०१२ पासून ही मुदत सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आली आहे. जानेवारीत तो चेक मुदतबाह्य ठरला असता आणि त्याला ताळमेळात न वटलेला म्हणून दाखवत राहणे चुकीचे झाले असते. बँक खाते १५,००० रुपयांनी नावे करून मंडपवाल्याचे खाते तितक्याच रकमेने जमा करावे लागते, कारण चेक बाद झाला तरी त्याचे देणे संपत नाही. नवा चेक देताना त्याच खात्यातून ते फेडायचे असते. मुदतीचा नियम तिला माहीत होता, उलट नोंद मात्र तिला थोडा वेळ घेऊन कागदावर मांडावी लागली, आणि ती बरोबर मांडली गेली.

संस्थेचा निर्णय हे लिहीपर्यंत आलेला नाही. दरम्यान तिने मंडळाचे नोव्हेंबर आणि डिसेंबरचे उतारे मिळवून पाहिले. चेक नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वटला होता. दुसऱ्या एका संस्थेसाठी तयार केलेल्या पत्रात तिने ‘न वटलेला एक चेक’ या शब्दांपुढे ‘जो नोव्हेंबरच्या उताऱ्यात वटल्याचे नंतर तपासले’ एवढी भर घातली आहे.